दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर: तिची जागा कशी राखायची

‘दुधाचाच दात आहे, पडणारच होता’ असं आईबाबा म्हणतात. पटाशीच्या दातांपुरतं ते बरंचसं खरं आहे, कारण ते सहाव्या-सातव्या वर्षी पडतातच. दुधाच्या दाढांचा हिशेब वेगळा असतो. त्या दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. पाचव्या वर्षी दाढ किडली म्हणून काढली, तर तिथे पाच-सहा वर्षं मोकळी जागा राहते आणि शेजारचे दात तेवढा वेळ आपापल्या जागी थांबत नाहीत.

या लेखात मी मुख्यतः एकाच दाढेबद्दल लिहिणार आहे: खालच्या जबड्यातली दुसरी, म्हणजे मागची दुधाची दाढ. मुलांच्या दातांवर उपचार करताना ही दाढ गेल्यावर होणारं नुकसान सर्वांत जास्त दिसतं, आणि ते टाळण्याची सोयही हाताशी असते. बाकीच्या दातांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

जागा का जाते

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवीन दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते. प्रत्यक्षात ती कायमची पहिली दाढ असते. दंतवैद्य तिला ‘सहा वर्षांची दाढ’ म्हणतात. ही दाढ दुधाच्या दुसऱ्या दाढेच्या मागच्या भिंतीला टेकत वर येते आणि पुढेही तिलाच टेकून उभी राहते. तो टेकूच गेला की सहा वर्षांची दाढ पुढे सरकते. खालच्या जबड्यात ती पुढे कलते. वरच्या जबड्यात ती पुढे येताना स्वतःभोवती फिरतेही.

हे सरकणं वर्षानुवर्षं एकाच गतीने होत नाही. दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त जागा जाते. ‘दिवाळीच्या सुट्टीत बघू’, ‘परीक्षा होऊ दे’ असं करता करता नेमका हाच काळ निघून जातो.

आता मापं पाहू. खालची दुसरी दुधाची दाढ साधारण ९.९ मिलिमीटर रुंद असते. तिच्या जागी येणारी कायमची दुसरी उपदाढ साधारण ७.२ मिलिमीटरची असते. वरवर पाहता अडीच मिलिमीटरहून जास्त जागा शिल्लक राहते. ही शिल्लक फुकटची नाही. पुढचा कायमचा सुळा दुधाच्या सुळ्यापेक्षा रुंद असतो आणि त्याची भरपाई इथूनच होते. सहा वर्षांची दाढ तीन मिलिमीटर पुढे आली, तर उरलेल्या जागेत उपदाढ मावत नाही. मग ती जिभेच्या बाजूला बाहेर पडते किंवा हाडातच अडकून बसते.

स्पेस मेंटेनर, म्हणजे जागा राखायला दातांवर बसवायचं छोटं साधन, इथे एकच काम करतो. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, तशी तो जागा धरतो. तो कुठल्याही दाताला ढकलत किंवा ओढत नाही. खालची उपदाढ आपल्याच गतीने वर येते. तिच्या डोक्यावरची वाट मोकळी राहिली, तर बहुतेक वेळा ती सरळ येते. याला एक अपवाद आहे, त्याकडे पुढे येतो.

दाढ काढायच्या आधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: ही दाढ वाचवता येईल का? जागा राखायला दुधाच्या दाढेइतकं चांगलं साधन दुसरं नाही. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल, तरी दुधाच्या दाताचं रूट कॅनल करून वर स्टीलची कॅप बसवता येते. मूळ बरंच झिजलेलं असेल, कीड हाडापर्यंत उतरली असेल किंवा वर कॅप बसण्याइतकाही दात उरला नसेल, तर काढण्याला पर्याय राहत नाही. पण हा निर्णय एक्स-रे बघूनच झाला पाहिजे.

दुसरा प्रश्न: एक्स-रेत खाली काय दिसतंय? एका दाढेपुरता छोटा एक्स-रे पुरतो. संपूर्ण जबडा पाहायचा असेल तर ओपीजी काढतात. डॉक्टरांना तो तुमच्यासमोर धरायला सांगा आणि तीन गोष्टी दाखवायला सांगा.

खाली उपदाढेचा अंकुर आहे का? खालची दुसरी उपदाढ काही मुलांत जन्मतःच नसते. अक्कलदाढ सोडली तर जन्मतः नसणाऱ्या दातांमध्ये तिचा क्रमांक बराच वर लागतो. अंकुरच नसेल तर जागा राखायची की हळूहळू बंद होऊ द्यायची, हा प्रश्न दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांशी, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टशी बोलून सोडवावा लागतो.

अंकुराचं मूळ किती तयार झालंय? मूळ साधारण तीन-चतुर्थांश तयार झालं की दात हिरडीतून बाहेर येतो. नुसता माथा तयार असेल आणि मूळ नावालाच असेल, तर अजून बरीच वर्षं आहेत. मुलाच्या वयापेक्षा मुळाची लांबी जास्त भरवशाची, कारण एकाच वयाच्या दोन मुलांत दात येण्याचा काळ वर्ष-दीड वर्षाने सहज पुढेमागे असतो.

अंकुरावर हाड किती आहे? एक मिलिमीटर हाडातून वर यायला उपदाढेला ढोबळमानाने चार ते पाच महिने लागतात. पाच मिलिमीटर हाड असेल, तर किमान दीड-दोन वर्षं धरावीत. मात्र गळू होऊन पू झालेला असेल, तर त्याने हाड खाल्लेलं असतं आणि हा हिशेब चुकतो. अशा वेळी मूळ पुरतं तयार नसतानाही उपदाढ लवकर वर येऊ शकते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: सहा वर्षांची दाढ वर आली आहे का? कुठलं साधन बसवायचं, हे या उत्तरावर ठरतं.

कुठे काय बसवतात

सहा वर्षांची दाढ वर आली असेल आणि एकाच बाजूची एकच दुधाची दाढ गेली असेल, तर बँड आणि लूप बसवतात. मागच्या दाढेभोवती स्टीलची पातळ पट्टी असते, तो बँड. त्याला झाळलेली तार मोकळ्या जागेवरून पुढच्या दातापर्यंत जाते आणि त्याला टेकते, तो लूप. पहिली, म्हणजे पुढची दुधाची दाढ गेली असेल, तर बँड दुधाच्या दुसऱ्या दाढेवर आणि लूप सुळ्याला टेकलेला असतो.

खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील, तर दोन्हीकडच्या सहा वर्षांच्या दाढांवर बँड बसवून पुढच्या दातांच्या आतून एकच तार फिरवतात. तिला लिंग्वल आर्च म्हणतात. खालचे चारही कायमचे पटाशीचे दात आल्याशिवाय ती बसवू नये. हे दात दुधाच्या दातांच्या आतल्या बाजूने वर येतात आणि तार नेमकी त्यांच्या वाटेत येते. वरच्या जबड्यात हेच काम टाळूवर टेकणाऱ्या प्लास्टिकच्या बटणासारख्या भागाने केलं जातं.

वर उल्लेखलेला अपवाद इथे येतो. चार-पाच वर्षांच्या मुलाची दुसरी दुधाची दाढ गेली आणि सहा वर्षांची दाढ अजून हिरडीखाली आहे, तर बँड बसवायला मागे दातच नसतो. मग पुढच्या दुधाच्या दाढेवर बँड किंवा कॅप बसवतात आणि तिथून मागे एक पट्टी नेतात. तिचं टोक हिरडीच्या आत उतरलेलं असतं. त्याला डिस्टल शू म्हणतात. वर येणारी दाढ या टोकाला टेकून सरकत आपल्या जागी पोचते. साध्या लूपपेक्षा वेगळं असं हे साधन खरोखर दाताला वाट दाखवतं. पण ते सगळ्यांना चालत नाही. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांत, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्यात ते टाळतात, कारण हिरडी सतत उघडी राहते आणि तिथून जंतू रक्तात जाऊ शकतात. मुलाला असा काही आजार असेल, तर तो तपासणीच्या आधीच सांगा. टोक दाढेला नीट टेकतंय का, हे बसवण्याच्या वेळी एक्स-रे काढून पाहतात. दाढ वर आली की डिस्टल शू काढून साधा लूप बसवावा लागतो.

काही वेळा काहीच बसवायची गरज नसते. उपदाढ महिना-दोन महिन्यांत येणारच असेल, तर वाट बघणं योग्य. पुढचे पटाशीचे दुधाचे दात गेले असतील, तर जागा सहसा जात नाही. तिथे दात बसवायचा तो दिसण्यासाठी आणि बोलण्यासाठी. आणि दाढ जाऊन वर्ष उलटलं असेल, जागा आधीच अर्धी बंद झाली असेल, तर स्पेस मेंटेनर उरलेलीच जागा धरून ठेवेल. गेलेली जागा परत मिळवणारं साधन वेगळं असतं. हा फरक समजून न घेता उशिरा लूप बसवून घेतलेल्या पालकांची नंतर फार निराशा होते.

बँड आणि लूप कसा तयार होतो

शक्य असेल तेव्हा माप दाढ काढण्याच्या आधीच घ्यावं, असं माझं मत आहे. साच्यावरून केलेल्या प्लास्टरच्या मॉडेलवर डॉक्टर ती दाढ कापून टाकतात, लूप तयार होतो आणि दाढ काढली की लगेच किंवा काही दिवसांत बसवता येतो. सूज किंवा गळू असेल तर आधी दाढ काढून हिरडी थोडी भरू देतात. तरी तेव्हाही दोन-तीन आठवड्यांच्या पुढे जायचं कारण नसतं.

पहिल्या भेटीत सहा वर्षांच्या दाढेवर वेगवेगळ्या मापांचे तयार बँड लावून बघतात. बरोबर मापाचा बँड बोटाने अर्ध्यावर बसतो आणि शेवटचा भाग दाबून बसवावा लागतो. मूल साधनावर चावून तो खाली बसवतं, त्यात थोडी कळ जाणवते. मग बँड दाढेवरच ठेवून ट्रेमध्ये मऊ पेस्ट भरून साचा घेतात. एक-दीड मिनिट तोंडात ट्रे असतो. ज्या मुलांना उमासे येतात त्यांना पुढे वाकून बसवावं आणि नाकाने श्वास घ्यायला सांगावं, बहुतेक मुलं तेवढ्यात सांभाळतात. त्या दिवशी क्लिनिकला जाताना भरपेट खायला देऊ नका.

बँड साच्यात परत बसवून प्लास्टर ओततात, आणि त्या मॉडेलवर साधारण ०.९ मिलिमीटर जाडीची स्टीलची तार वाकवून झाळतात. या तारेच्या आकारावरच सगळं अवलंबून असतं. लूप आडवा इतका रुंद हवा की खालून येणारी उपदाढ त्याच्या मधून सरळ वर येऊ शकेल. तो हिरडीपासून साधारण एक मिलिमीटर वर हवा, हिरडीत रुतलेला नको. पुढच्या दाताला तो टेकलेला हवा, पण त्याच्या माथ्यावर चढलेला नको.

दुसऱ्या भेटीत दाढ कोरडी करून ग्लास आयोनोमर सिमेंटने बँड चिकटवतात. या वेळी तुम्ही आरशात किंवा डॉक्टरांच्या दिव्यात एकदा बघून घ्या: तार पुढच्या दाताला लागली आहे का, हिरडी दाबली जाऊन पांढरी पडली आहे का, दात मिटल्यावर मुलाला काही आधी लागतंय का. यातलं काही चुकलं असेल, तर सिमेंट लावण्याआधी सुधारणं सोपं असतं.

खर्चाचा प्रश्न असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, तसंच गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. वेळ जास्त लागतो, पण काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं.

एका मुलीचं उदाहरण

समजा, सात वर्षं दोन महिन्यांची मुलगी आहे. खालच्या डाव्या दुसऱ्या दुधाच्या दाढेला गळू झालं आहे आणि मूळ अर्ध्याहून जास्त झिजलं आहे, म्हणून ती काढायची आहे. सहा वर्षांच्या दोन्ही दाढा पूर्ण वर आल्या आहेत. खालचे मधले दोन पटाशीचे दात आले आहेत, बाजूचे दोन अजून यायचे आहेत.

उजवीकडची दाढ शाबूत आहे, तिचं माप ९.८ मिलिमीटर. डावीकडची जागा दाढ काढायच्या आधीच ९.१ मिलिमीटर भरते. याचा अर्थ किडीने दाढेची बाजूची भिंत ढासळली तेव्हाच मागची दाढ ०.७ मिलिमीटर पुढे आली होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण दाताच्या बाजूची कीड न भरता ठेवली तरी जागा जायला सुरुवात होते.

एक्स-रेत उपदाढेचा माथा तयार आहे, मूळ नुकतंच सुरू झालंय, वर चार मिलिमीटर हाड आहे. अजून निदान तीन वर्षं काढायची आहेत. बाजूचे पटाशीचे दात आले नसल्यामुळे लिंग्वल आर्च आत्ता बाद. बँड सहा वर्षांच्या दाढेवर आणि लूप पुढच्या दुधाच्या दाढेला टेकलेला, हाच निर्णय.

दर चार महिन्यांनी तपासणी होते आणि जागा मोजली जाते. ती ९.१ वर टिकली की साधन काम करतंय. मुलगी साडेनऊ-दहा वर्षांची झाल्यावर एक नवीन अडचण येते, आणि ती अनेकदा कुणी सांगितलेली नसते. ज्या पुढच्या दुधाच्या दाढेला लूप टेकलेला होता, तिची पडायची वेळ होते, आणि मागची उपदाढ तर अजून यायची असते. पुढची दाढ पडली की लूपचं टोक हवेत राहतं आणि मागची दाढ लूपसकट पुढे सरकायला मोकळी होते. म्हणून ती दाढ हलायला लागल्यावरच बँड-लूप काढून लिंग्वल आर्च बसवायची. आता पटाशीचे चारही दात आलेले असतात, त्यामुळे अडचण नसते. साधारण अकराव्या वर्षी उपदाढेचं टोक हिरडीतून दिसतं, एक्स-रेत ती सरळ आहे हे पाहून घेतलं जातं आणि थोड्या आठवड्यांनी आर्च निघते.

घरी काय बघायचं

बँडच्या कडेने आणि तारेखाली दिवसातून दोनदा ब्रश फिरला पाहिजे. आठ वर्षांपर्यंत हे काम मुलावर सोडू नका, शेवटचा ब्रश तुम्ही फिरवा. ब्रश तिरका धरून हिरडीच्या रेषेवर लहान गोल फिरवायचा. अन्न तारेखाली अडकतंच, जेवल्यावर खळखळून चूळ भरायची सवय लावावी.

चिकट आणि कडक पदार्थ सिमेंट सोडवतात. चिक्की, तिळाचे कडक लाडू, टॉफी, जेली, च्युइंगम आणि दातांनी सोललेला ऊस पूर्ण बंद. संक्रांतीत मऊ तिळाची वडी छोटे तुकडे करून दुसऱ्या बाजूने खायला देता येते. जिभेने किंवा बोटाने तार हलवत बसण्याची सवय काही मुलांना लागते, तीही लक्ष ठेवून मोडावी.

रविवारी एकदा चांगल्या उजेडात तोंड उघडून बघा. बँड बोटाने हलतोय का? हलत असेल तर सिमेंट सुटलं आहे. स्पेस मेंटेनरचं हे सर्वांत नेहमीचं बिघडणं. पूर्ण न निघालेला पण सैल झालेला बँड जास्त वाईट, कारण त्याच्याखाली लाळ आणि अन्न साचून चांगली दाढ किडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तोंडाला सारखा वास येणं ही त्याची एक खूण. तार हिरडीत रुतून तिथे लाल फुगवटा आला असेल, झाळलेला सांधा तुटून तार एका बाजूने लोंबत असेल, किंवा तार पुढच्या दातावरून निसटून खाली गेली असेल, तर दोन-तीन दिवसांत दाखवा.

पूर्ण साधन निघून हातात आलं, तर ते धुऊन डबीत ठेवा आणि आठवड्याच्या आत घेऊन जा. वाकलं नसेल तर तेच पुन्हा चिकटवता येतं. मुलाने ते गिळल्याचा संशय असेल आणि खोकला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर थेट रुग्णालयात जा. त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

तपासणी आणि काढण्याची वेळ

दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवणं आवश्यक आहे, दुखत नसलं तरी. त्या भेटीत डॉक्टर बँडची पकड, हिरडी, शेजारच्या दातांची कीड आणि मोकळ्या जागेचं माप बघतात. वर्षातून एकदा बँड काढून दाढ साफ करून परत चिकटवणं चांगलं. वर्षभराने किंवा गरजेनुसार छोटा एक्स-रे काढून उपदाढ किती वर आली ते पाहतात.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती या तपासण्या सुटल्यामुळे झालेल्या नुकसानाची. मूल गाव बदलतं, शाळा बदलते, साधन तोंडात तसंच राहतं. उपदाढ वर येते आणि तारेला अडखळून वाकडी होते. म्हणून बसवण्याच्या दिवशीच डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: कोणत्या दाढेवर काय बसवलं, कोणत्या तारखेला, जागेचं माप किती आणि साधारण कधी काढायचं. एक्स-रेची प्रत त्यासोबत ठेवा. नव्या डॉक्टरांना एवढं पुरतं.

उपदाढेचा माथा हिरडीतून वर दिसायला लागला आणि तिला तारेचा अडथळा होतोय असं वाटलं, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा. बँड काढायला पाच मिनिटं लागतात आणि इंजेक्शन लागत नाही. काढल्यावर दाढेवर उरलेलं सिमेंट खरवडून पॉलिश करतात आणि फ्लोराइड लावतात. पुढचे दात दाटीने आले असतील, तर साधन काढण्याच्या आधीच ऑर्थोडॉन्टिस्टचं मत घ्या. उपदाढ लहान असल्यामुळे उरणारी दीड-दोन मिलिमीटर जागा त्या दाटीसाठी वापरता येते, आणि लिंग्वल आर्च निघाली की ती जागा मागची दाढ घेऊन टाकते.